उधारी, क्यूआर कोड आणि सहा-आठ टक्क्यांचा हिशेब

तासगावात माझं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. पीव्हीसी पाईप, ठिबकच्या नळ्या, फिल्टर, व्हेंचुरी, बॉल व्हॉल्व, मोटारीचं किरकोळ सामान असा माल असतो. गिऱ्हाईक जवळपास सगळं द्राक्षबागायतदार. फळछाटणीच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, माल उचलतात आणि बेदाण्याचे सौदे झाले की पैसे देतात. त्यामुळं माझ्या वर्षाच्या विक्रीतला बराच भाग ३१ मार्चला वहीत उधारी म्हणून उभा असतो. आयकराच्या सहा आणि आठ टक्क्यांच्या हिशेबात ही उधारी कशी बसवायची, हे समजायला मला २०२४ चा फेब्रुवारी ते जुलै एवढा काळ लागला. उधारीवर धंदा करणाऱ्या दुकानदाराला हे कुणी सविस्तर सांगत नाही, म्हणून सगळं मांडून ठेवतोय.

आधी नियम थोडक्यात. तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ४४एडी प्रमाणे लहान व्यापाऱ्याला खर्चाचा हिशेब न मांडता उलाढालीच्या ठराविक टक्के नफा धरून रिटर्न भरता यायचं. दर आठ टक्के. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारनं जाहीर केलं आणि २०१७ च्या वित्त कायद्यानं पक्कं झालं, की जी रक्कम बँकेमार्फत येते तिच्यावर आठऐवजी सहा टक्केच नफा धरायचा. उलाढालीची मर्यादा दोन कोटी. रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर २०२३-२४ पासून तीन कोटी. माझी उलाढाल त्या वर्षी ९२ लाख होती, त्यामुळं मर्यादेचा प्रश्न नव्हता. दलाली आणि कमिशनच्या धंद्याला हे कलम चालत नाही. आमच्याकडं बेदाण्याचे अडते पुष्कळ आहेत, म्हणून एवढं सांगितलं.

आधीची दोन वर्षं माझं रिटर्न ज्यांच्याकडं होतं, ते जीएसटीची उलाढाल घ्यायचे, तिचे आठ टक्के काढायचे आणि भरून टाकायचे. मी विचारलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. दुकानात क्यूआर कोड येऊन चार वर्षं झाली होती, निम्म्याहून जास्त पैसा मोबाईलवरून येत होता, तरी सगळ्यावर आठ टक्के. फेब्रुवारीत पुतण्याच्या ओळखीनं सांगलीला विश्रामबागेतल्या एका सीए मॅडमकडं गेलो, तेव्हा त्यांनी मागचं रिटर्न उघडून पहिला प्रश्न विचारला, "काका, तुमच्या दुकानात यूपीआय घेत नाही का?"

मागच्या वर्षीचं दुरुस्त करता येईल का, असं मी लगेच विचारलं. सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली होती. त्यानंतर अद्ययावत रिटर्न भरता येतं, पण ते कर वाढवण्यासाठी, कमी करण्यासाठी नाही. म्हणजे गेलं ते गेलं.

मग त्यांनी चालू वर्षाचा अंदाज मांडला. ९२ लाखांवर सरसकट आठ टक्के धरले तर नफा ७,३६,०००. मुदत ठेवीचं आणि बचत खात्याचं व्याज साधारण २४,०००. एकूण ७,६०,०००. नव्या करपद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर सवलतीमुळं कर शून्य व्हायचा. सातच्या वर गेलं की सवलत जवळजवळ संपते आणि तीन लाखांपासूनचा कर लागतो. ७,६०,००० वर कर ३१,०००, त्यावर चार टक्के उपकर धरून ३२,२४०. हाच आकडा सात लाखांच्या आत आला तर एक रुपयाही नाही. "तुमचं सगळं या सीमेवर आहे," मॅडम म्हणाल्या, "म्हणून सहाचा वाटा किती आणि आठचा किती, हे नेमकं काढून आणा. अंदाज नको."

परतताना एसटीत माझ्या शेजारी आमच्याच पेठेतला एक दुकानदार होता. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात काय अवघड? बँकेत जेवढं जमा झालं तेवढ्यावर सहा टक्के, उरलेल्यावर आठ." मलाही पटलं. घरी येऊन दोन्ही खात्यांचे उतारे काढले. दुकानाच्या चालू खात्यात वर्षाची जमा ७८,६०,०००. पहिला क्यूआर कोड माझ्या बचत खात्याला जोडलेला होता आणि तो काउंटरच्या बाजूला अजून चिकटवलेलाच होता. त्यावर घरची देवघेव वगळून ३,४०,००० आले होते. दोन्ही मिळून ८२,००,०००. त्यावर सहा टक्के आणि उरलेल्या दहा लाखांवर आठ टक्के, म्हणजे ४,९२,००० अधिक ८०,०००, एकूण ५,७२,०००. दहा मिनिटांत काम झालं असं वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हा कागद घेऊन गेलो. मॅडमनी उताऱ्याचं पहिलं पान पाहिलं आणि पेन्सिलीनं एक ओळ गोल केली. `BY CASH`, ४५,०००. "हे काय?" मी म्हटलं, गल्ल्यातली रोकड बँकेत भरली. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकानं तुम्हाला काय दिलं?" रोख. "मग ती रोखच. तुम्ही ती कुठं ठेवली याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. पैसे तुमच्या हातात कसे आले, ते बघायचं."

अगदी सरळ गोष्ट आहे, पण मी पैसा बँकेत आहे एवढंच बघत होतो. सहा टक्क्यांत काय बसतं याची यादी ठरलेली आहे. खात्यातच जमा होणारा, म्हणजे अकाउंट पेयी, धनादेश आणि तसाच ड्राफ्ट, बँकेतून थेट वळती होणारी रक्कम, आणि नियमांनी ठरवलेले यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस, नेट बँकिंग, डेबिट-क्रेडिट कार्ड, भीम आधार पे. बेअरर चेक त्यात नाही.

म्हणून पुन्हा बसलो. आठ दिवस रोज दुकान बंद केल्यावर, मुलगी संगणकावर आणि मी वही घेऊन. बँकेच्या उताऱ्यात प्रत्येक जमेपुढं मजकूर असतो, त्यावरून वेगळं करता येतं. `UPI`, `NEFT`, `IMPS` लिहिलेल्या जमा एका बाजूला, `CLG` म्हणजे वटलेले धनादेश त्यांच्याबरोबर, आणि `BY CASH` किंवा `CDM`, म्हणजे यंत्रात भरलेली रोकड, दुसऱ्या बाजूला. मजकूर बँकेबँकेला थोडा वेगळा असतो. माझ्या रोख भरण्याची बेरीज १९,५०,००० निघाली. ती थेट बाजूला गेली.

उरलेल्यातही सगळी विक्री नव्हती. मुदत ठेव मोडली त्याचे ३,००,००० चालू खात्यात आले होते. कंपनीनं परत घेतलेल्या मालाचे ७०,००० पुरवठादाराकडून आले होते. आणि २,३०,००० तर माझेच होते. बचत खात्यात क्यूआरनं जमलेले पैसे मी अधूनमधून चालू खात्याकडं वळवत होतो, त्यामुळं तीच रक्कम एकदा गिऱ्हाइकाकडून आलेली म्हणून बचत खात्यात आणि दुसऱ्यांदा वळवलेली म्हणून चालू खात्यात दिसत होती. मुलीच्या लक्षात आलं म्हणून सापडलं. त्यानंतर जुना क्यूआर मी काढून टाकला. खातं बचतीचं असलं म्हणून ती विक्री विक्रीच राहते, उलाढालीत धरावीच लागते, पण दोन खात्यांत धंदा विखुरला की असा दुहेरी हिशेब होतो.

हे सहा लाख वजा केल्यावर ८२ लाखांतले ५६,५०,००० उरले. गिऱ्हाइकांकडून बँकेमार्फत आलेले, खरेखुरे.

इथंच थांबलो असतो तर पुन्हा चुकलो असतो.

त्या साडेछप्पन लाखांत एप्रिल ते जून २०२३ मधल्या जमा बघताना मला नावं ओळखीची वाटली. मणेराजुरीचे एक आबा, त्यांचे २० मे २०२३ ला ८५,००० एनईएफटीनं आले होते. वहीत मागं गेलो. ते सामान त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये नेलं होतं. म्हणजे विक्री आदल्या आर्थिक वर्षाची. ती आदल्या वर्षाच्या उलाढालीत धरून तिच्यावर नफाही दाखवून झाला होता. या वर्षाच्या ९२ लाखांत ती नाहीच, मग या वर्षीच्या सहा टक्क्यांत तिला कशी घ्यायची? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरोबर पकडलंत. उलाढाल ज्या वर्षाची, जमा त्याच वर्षाशी जुळवायची."

माझ्या मनात आलेला प्रश्नही विचारला. मागच्या वर्षी त्या उधारीवर आठ टक्के लागले, पैसे तर डिजिटल आले, मग आता तरी दोन टक्क्यांचा फरक मिळावा ना? नाही मिळत. ते ज्या वर्षाचं, त्या वर्षाच्या रिटर्नमध्येच मागायला हवं होतं. मला हे लागलं, खोटं कशाला बोलू. पण कायद्यातली खरी सोय मला तिथंच कळली. रक्कम त्या आर्थिक वर्षात यायला हवी, किंवा रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत यायला हवी. म्हणजे २०२३-२४ ची उधारी ३१ जुलै २०२४ च्या आत यूपीआयनं किंवा धनादेशानं वसूल झाली, तर ती सहा टक्क्यांतच बसते. उधारीवर चालणाऱ्या आमच्यासारख्या दुकानाला हे चार महिने फार मोलाचे आहेत, कारण बेदाण्याचा पैसा नेमका याच काळात येतो.

जुन्या उधारीच्या अशा जमा ५,४०,००० निघाल्या. त्या वजा करून या वर्षाच्या विक्रीपोटी ३१ मार्चपर्यंत बँकेमार्फत आलेले पैसे झाले ५१,१०,०००. वर्षअखेरीची उधारी ११,४०,०००. राहिले २९,५०,०००, ते वर्षभरातली रोख विक्री आणि रोख वसुली. माझं दुकान कंपोझिशन योजनेत आहे, त्यामुळं बिलात जीएसटी वेगळा नसतो आणि बिलाची रक्कम म्हणजेच उलाढाल. ज्यांचा जीएसटी वेगळा लागतो, त्यांच्या खात्यात कर धरून पैसे येतात आणि उलाढाल मात्र कर वगळून असते. त्यांनी बँकेची जमा जशीच्या तशी सहा टक्क्यांत घातली तर वाटा फुगतो. १,१८,००० आले आणि त्यात १८ टक्के जीएसटी असेल, तर सहा टक्के लागतील ते एक लाखावर.

आता १५ मार्चचा प्रश्न आला. या कलमाखाली असलेल्याला आगाऊ कर चार हप्त्यांत नाही, एकदाच १५ मार्चपर्यंत पूर्ण भरायचा असतो. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल आणि तो तेव्हा भरला नाही, तर व्याज लागतं. पण १५ मार्चला मला कुठं माहीत होतं की उधारी कुणाकडून कशी येणार? मॅडमनी सगळ्यात वाईट धरून बघायला सांगितलं. समजा ११,४०,००० पूर्ण रोखीत आले किंवा आलेच नाहीत. मग सहा टक्के फक्त ५१,१०,००० वर, म्हणजे ३,०६,६००. उरलेल्या ४०,९०,००० वर आठ टक्के, ३,२७,२००. बेरीज ६,३३,८००, व्याजाचे २४,००० धरून ६,५७,८००. तरीही सात लाखांच्या आत. म्हणून आगाऊ कर भरला नाही आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. (मार्चचे शेवटचे पंधरा दिवस अंदाजानं धरले होते, पण तो अंदाज एक-दोन लाखांनी चुकला तरी निकाल बदलत नव्हता.)

एप्रिलपासून मी उधारीच्या वहीत एक रकाना वाढवला. पैसे आले की तारीख लिहायचो, त्यापुढं "खात्यावर" किंवा "रोख". आधी फक्त "जमा" असायचं. गिऱ्हाइकांना सांगायलाही सुरुवात केली. सावळजचे एक अण्णा जूनमध्ये बेदाणा विकून थेट दुकानात आले, पिशवीत रोकड.

"शेठ, मोजून घ्या," म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, पोराला सांगून खात्यावर टाकाल का? तुम्हालाही पुरावा राहतो."

"आता परत बँकेत जाऊन भरू म्हणताय? एवढ्या लांबनं आलोय."

मी ते रोखच घेतले. यातला हिशेब लक्षात घ्यायला हवा. एक लाख रोखीऐवजी खात्यावर आले तर दाखवायचा नफा दोन हजारांनी कमी होतो. कर दोन हजारांनी नाही, नफा. त्या दोन हजारांवरचा कर पाच-दहा टक्के, म्हणजे शंभर-दोनशे रुपये. तेवढ्यासाठी वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवणार नाही. फरक पडतो तो पन्नास-साठ लाखांच्या एकत्र आकड्यानं, आणि तोही आपण सीमेच्या जवळ असलो तर. मात्र ज्यांना जमत होतं त्यांनी खात्यावर टाकले. दोघांनी बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडूनच माझ्या खात्यावर एनईएफटी करवली. तिथं उताऱ्यात व्यापाऱ्याचं नाव आलं, म्हणून वहीत शेतकऱ्याच्या नावापुढं तशी नोंद केली, नाहीतर पुढं ती जमा कुणाची हे मलाच सापडलं नसतं.

जुलैच्या २८ तारखेला वही बंद करून बेरीज मारली. ११,४०,००० पैकी ६,९०,००० बँकेमार्फत आले होते, २,१०,००० रोख आणि २,४०,००० अजून येणं बाकी. ज्यांनी बेदाणा भाव वाढेल म्हणून शीतगृहात ठेवला होता, त्यांच्याकडं हे अडकले होते.

मग शेवटचा हिशेब असा झाला:

```
51,10,000 + 6,90,000 = 58,00,000 × 6% = 3,48,000
92,00,000 - 58,00,000 = 34,00,000 × 8% = 2,72,000
                                 नफा = 6,20,000
```

व्याज धरून एकूण ६,४४,०००. कर शून्य.

आता ज्यानं मला एसटीत सल्ला दिला त्याच्या पद्धतीनं ५,७२,००० आले असते. तिथंही कर शून्यच होता. मग एवढा खटाटोप कशाला, असं पुतण्यानं विचारलं. मीही मॅडमना हेच विचारलं होतं. त्यांचं उत्तर मला पूर्ण पटलं. कायद्यानं माझा किमान नफा ६,२०,००० होतो. त्याहून कमी दाखवला, तर मी ठराविक दराची योजना सोडली असा अर्थ निघतो. एकदा योजना घेऊन पाच वर्षांच्या आत तिच्यातून बाहेर पडलं, की पुढची पाच वर्षं तिचा फायदा घेता येत नाही. आणि त्या वर्षांत उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. रोखीचे साडेएकोणीस लाख बँकेत भरलेले दिसत असताना रिटर्नमध्ये रोख फक्त दहा लाख दाखवली, हे उतारा समोर ठेवला की कुणाच्याही लक्षात येईल. चालू खात्यात वर्षात पन्नास लाख किंवा त्याहून जास्त, आणि बचत खात्यात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, तर बँक ती माहिती स्वतःच आयकर खात्याला कळवते. माझा भरणा त्याहून कमी होता, पण कळवलं जात नाही म्हणून चुकीचा वाटा दाखवावा, हे मला मान्य नाही.

एक प्रश्न मॅडमनी मला उलट विचारला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "काका, खरा नफा किती आहे?" सहा-आठ टक्के ही खालची पायरी आहे. खरोखर जास्त मिळवलं असेल तर जास्त दाखवायचं असतं. मी घरी बसून मांडलं. मालाच्या खरेदी-विक्रीतला फरक १२,१०,००० च्या आसपास. दुकानभाडं १,२०,०००, मदतनीस पोराचा पगार १,६८,०००, टेम्पो आणि हमाली १,४०,०००, कंपोझिशनचा एक टक्का ९२,०००, वीज-फोन-किरकोळ ७५,०००. खर्च ५,९५,०००. राहिले ६,१५,०००. दाखवलेल्या ६,२०,००० च्या अगदी जवळ. आमच्या घरखर्चाचा आणि विम्याच्या हप्त्याचा आकडाही त्यात बसत होता. ज्याचं किराणा किंवा ठोक दुकान आहे आणि खरा नफा चारच टक्के सुटतो, त्याला हे कलम महाग पडतं. आणि ज्याचा पंधरा टक्के सुटतो, त्यानं सहा दाखवून घर बांधलं तर पैसे कुठून आले, हे त्याला सांगता येत नाही. हे दुकानाप्रमाणं बघावं लागतं.

२९ जुलैला आयटीआर-४ भरला. धंद्याच्या तक्त्यात उलाढालीचे तीन रकाने होते. `E1a` मध्ये बँकेमार्फत आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानं मुदतीच्या आत आलेली रक्कम, ५८,००,०००. `E1b` मध्ये रोख, ती २९,५०,००० अधिक २,१०,०००, म्हणजे ३१,६०,०००. आणि `E1c` मध्ये या दोन्हींत न बसणारं. तिथं मी अडलो. न आलेली उधारी कुठं टाकायची? ती रोख नाही आणि डिजिटलही नाही, म्हणून मॅडमनी २,४०,००० तिसऱ्या रकान्यात घातले. नफा आठ टक्क्यांनीच, पण रोख म्हणून नाही. तिन्हींची बेरीज ९२,००,०००, आणि खालच्या जीएसटीच्या तक्त्यातली उलाढालही तेवढीच. हे दोन आकडे जुळले नाहीत तर पुढं विचारणा होऊ शकते, म्हणून त्यांनी माझी जीएसटीची तिमाही विवरणं शेजारी ठेवून तपासलं.

त्याच तक्त्यात शेवटी ३१ मार्चची देणी, शिल्लक माल, येणी आणि हातातली रोकड विचारतात. वह्या ठेवायची सक्ती नसली तरी हे चार आकडे द्यावेच लागतात, आणि मागच्या रिटर्नमध्ये ते अंदाजानं भरलेले होते. या वेळी शिल्लक माल मी आणि पोरानं ३१ मार्चच्या रात्री मोजून ठेवला होता. येणी ११,४०,०००, वहीतूनच. रिटर्न भरलं, आधारच्या ओटीपीनं पडताळणी तिथंच केली.

त्या २,४०,००० पैकी कवठेएकंदच्या एका दादांचे ६०,००० दिवाळीच्या तोंडावर यूपीआयनं आले. पोरानं नेहमीप्रमाणं "खात्यावर" लिहिलं. मी त्या नोंदीपुढं लाल पेननं "२३-२४, आठमध्ये धरलं" असं लिहिलं. त्या पैशावर आठ टक्क्यांनी नफा दाखवून झालेला होता आणि २०२४-२५ च्या सहा टक्क्यांत तो येता कामा नये. मार्चमध्ये मुलगी पुन्हा उतारा घेऊन बसली, तेव्हा अशा लाल शेऱ्यांच्या आणि एप्रिल ते जुलैमधल्या जुन्या उधारीच्या नोंदी तिनं आधी वेगळ्या काढल्या, आणि मग बाकीची बेरीज सुरू केली. दोन रात्रीत झालं.